जिन्यातला दिवा आणि कार्डाची मागची बाजू

इलेक्ट्रिशियन ट्रेडची परीक्षा जवळ आली की मुलांच्या शर्टाच्या खिशात कार्डांचे गठ्ठे दिसू लागतात. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आयटीआय झाल्यावर 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी केली, तरी शेवटी ट्रेड थिअरी सुटत नाही. पेपर पर्यायी प्रश्नांचा असल्यामुळे कार्डाच्या मागे एका शब्दाचं उत्तर पुरतं, असा सगळ्यांचा समज असतो. मार्कांपुरता तो खरा आहे. पण प्रत्यक्ष काम करताना तेवढ्यावर भागत नाही, आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जिन्याच्या दिव्याच्या कार्डावर.

‘जिन्यातला एक दिवा खालून आणि वरून चालू-बंद करायला काय लागतं?’ मागे उत्तर: दोन टू-वे स्विच. एक मार्क मिळाला. आता हेच दोन स्विच दोन वेगळ्या पद्धतींनी जोडता येतात. दोन्हींत दिवा लागतो, दोन्हींत तो कुठूनही बंद होतो. त्यातली एक पद्धत बरोबर आहे आणि दुसरी जीव घेऊ शकते.

टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात. एक कॉमन आणि दोन कडेची. बटण दाबलं की कॉमन या कडेचं त्या कडेला जातं, बस्स. बरोबर जोडणीत फेज येतो तो खालच्या स्विचच्या कॉमनला. खालच्या स्विचची दोन कडेची टर्मिनल वरच्या स्विचच्या दोन कडेच्या टर्मिनलांना दोन वायरींनी जोडलेली असतात. वरच्या स्विचच्या कॉमनवरून एक वायर दिव्याला जाते, आणि दिव्याचं दुसरं टोक थेट न्यूट्रलला. दोन्ही स्विच एकाच वायरीवर असले की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर गेले की विझतो. न्यूट्रल कुठल्याही स्विचमध्ये येतच नाही. म्हणून दिवा विझलेला असताना होल्डरपर्यंत फेज पोचत नाही.

दुसरी पद्धत वायरमनला मोहात पाडते, कारण खालच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांच्या बोर्डांत फेज आणि न्यूट्रल आयते मिळतात. मग मधल्या दोन वायरी ओढायच्या कशाला? प्रत्येक स्विचच्या एका कडेला फेज, दुसऱ्या कडेला न्यूट्रल द्यायचा आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन टोकांना न्यायचे. वायर वाचते, पाइपात ओढाताण कमी होते, मालकाला दिवा लागलेला दाखवता येतो.

कार्डावर आता चार स्थिती लिहून पाहाव्या. खाली फेज, वर न्यूट्रल: दिवा लागला. खाली न्यूट्रल, वर फेज: तरीही लागला. दोन्हीकडे न्यूट्रल: विझला, आणि होल्डरमध्ये धोका नाही. दोन्हीकडे फेज: दिवा याही वेळी विझतो, कारण दोन टोकांत दाबाचा फरक उरत नाही, पण होल्डरच्या दोन्ही पिनांवर 230 व्होल्ट उभे असतात. स्टुलावर चढून बल्ब बदलणारा माणूस ‘बंद केलंय’ म्हणून बोट आत घालतो ते याच चौथ्या स्थितीत. बाहेरून तिसऱ्या आणि चौथ्या स्थितीत काहीच फरक दिसत नाही.

इमारत थोडी मोठी असेल तर प्रकरण आणखी चिघळतं. थ्री-फेज पुरवठ्यात खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या फेजवर असू शकतो. मग त्या चौथ्या, ‘बंद’ स्थितीत दिव्याला 230 नाही, दोन फेजमधले 400 व्होल्ट मिळतात. बल्ब भकन जातो, नवा लावला तर तोही जातो, आणि दोष बल्बच्या कंपनीला दिला जातो. शिवाय खालच्या मजल्याची एमसीबी पाडून काम करणाऱ्याला वरच्या मजल्याचा फेज तसाच जिवंत सापडतो.

ही चोरवाट घरात आरसीसीबी असेल तर बहुतेक वेळा उघडी पडते. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहाची तुलना करते. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअरची असते, म्हणजे तेवढा फरक पडला की ती पडलीच पाहिजे. इथे दिव्याचा प्रवाह खालच्या मजल्याच्या फेजमधून जातो आणि वरच्या मजल्याच्या न्यूट्रलमधून परततो. 9 वॅटचा साधा एलईडी बल्बही 40 मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. दोन्ही मजल्यांना आपापली आरसीसीबी असेल, तर जिन्यातला दिवा लावला की ती पडते. यावर काही जण आरसीसीबीच काढून टाकतात. खऱ्या दोषाकडे बोट दाखवणारी एकमेव वस्तू घरातून जाते आणि जिना पुन्हा ‘व्यवस्थित’ चालू लागतो.

आरसीसीबी नसलेल्या घरात जोडणी ओळखायची तर बल्ब काढून टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांना लावावा आणि स्विचच्या चारही स्थिती तपासाव्या. बरोबर जोडणीत एक पिन कधीच पेटत नाही, कारण ती कायमची न्यूट्रलला असते. चुकीच्या जोडणीत फेज कधी या पिनेवर, कधी त्या पिनेवर येतो, आणि एका स्थितीत दोन्हींवर.

इथून टेस्टरचं कार्ड सुरू होतं. ‘टेस्टर कशासाठी?’ ‘फेज ओळखण्यासाठी.’ हेही उत्तर अर्धं आहे. टेस्टरच्या आत एक निऑन बल्ब आणि मोठा रोध असतो. रोध सुमारे दहा लाख ओहमचा धरला, तर 230 व्होल्टला आपल्या शरीरातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जमिनीत जातो, म्हणून शॉक जाणवत नाही. पण हा प्रवाह जमिनीपर्यंत पोचण्यावरच सगळं अवलंबून असतं. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं, किंवा भर उन्हात गच्चीवर टेस्टर लावला, तर निऑनचा उजेड इतका मंद असतो की तो दिसत नाही. वायर मात्र जिवंत असते.

उलटही घडतं. जिन्याच्या बरोबर जोडणीत दोन स्विचमधली एक वायर नेहमी फेजवर असते. दिवा बंद असतो तेव्हा दुसरी वायर तिच्याच शेजारून, एकाच पाइपातून, लांबवर मोकळी लोंबकळत जाते. तिच्यात थोडा दाब उगाच शिरतो. बल्ब काढलेल्या होल्डरवर टेस्टर किंचित लुकलुकतो, आणि रात्री काही एलईडी बल्ब बंद असतानाही काजव्याएवढे चमकत राहतात. नवखा उमेदवार याला गळती समजतो. होल्डरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी काढून बसवलेला साधा पिवळा बल्ब, लावला की खरं-खोटं कळतं. शिरलेल्या दाबाने तो बल्ब लागत नाही. मात्र दोन्ही पिनांवर एकच फेज असेल तरीही तो लागत नाही, हे कार्डावर ठळक लिहायला हवं. म्हणून टेस्ट लॅम्प एकेका पिनेपासून खात्रीच्या न्यूट्रलपर्यंतही लावून पाहावा. आणि थ्री-फेज बोर्डात तो दोन फेजमध्ये लावू नये, 400 व्होल्टला फुटतो.

जुन्या गठ्ठ्यांत आणखी एक दोष असतो. त्यांच्यावर 1956च्या भारतीय वीज नियमांचे क्रमांक घोकलेले असतात. ते नियम मागे पडून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षा विनियमनं 2010 साली आली आणि 2023 साली नव्याने निघाली. क्रमांक बदलले, त्यामुळे थोरल्या भावाकडून आलेला गठ्ठा वापरताना नियमाच्या कार्डांवर साल लिहिलंय का ते आधी पाहावं.

सुरक्षेचं कार्ड बहुतेक ठिकाणी ‘मेन स्विच बंद करा’ इथे संपतं. त्याच्या मागे क्रम हवा. मेन बंद करायचा, फ्यूज असेल तर काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, एमसीबी असेल तर तिला कुलूप लावायचं किंवा निदान ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगायची. मग टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर लावून तो पेटतो हे पाहायचं, नंतर कामाच्या वायरींवर लावायचा, आणि शेवटी पुन्हा त्या चालू पॉइंटवर. मधल्या वेळात निऑन गेला असेल, तर तो तिसऱ्या तपासणीत कळतो.