क्षयाच्या सहा महिन्यांच्या उपचाराचा मागोवा

फुफ्फुसाच्या साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर आज भारतात जी औषधयोजना दिली जाते ती 2HRZE/4HRE अशी लिहितात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्बुटॉल ही चार औषधे, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. परीक्षेत हे सूत्र बहुतेकांना लिहिता येते. चारच औषधे का, सहाच महिने का आणि पायराझिनामाइड मध्येच का थांबते, याचे उत्तर मात्र 1948 पासूनच्या प्रयोगांत शोधावे लागते.

त्या वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले आणि नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. पण सुधारलेल्यांपैकी अनेकांची प्रकृती पुढे पुन्हा ढासळली, कारण त्यांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले होते. फुफ्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि कोणत्याही एका औषधाला मुळातच न जुमानणारे मोजके जंतू त्यांच्यात आधीपासून असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि नेमके तेच वाढतात. पीएएस हे दुसरे औषध जोडल्यावर हा प्रतिरोध झपाट्याने कमी झाला. एकाहून अधिक औषधे एकाच वेळी देण्याचा नियम तेव्हापासूनचा आहे. फसत चाललेल्या उपचारात एकच नवे औषध जोडू नये, हा नियमही त्यातूनच आला.

1952 मध्ये आयसोनियाझिड आले. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात रुग्णांना वर्षभर आयसोनियाझिड आणि पीएएस दिले गेले, काहींना सॅनेटोरियममध्ये तर काहींना दाटीवाटीच्या घरांत. घरी राहिलेले रुग्ण खाण्यापिण्यात आणि विश्रांतीत कमी पडले, तरी बरे होण्यात मागे राहिले नाहीत. मिरजेसारख्या गावांची ओळख ज्या सॅनेटोरियमनी घडवली, त्यांची गरज ओसरायला इथूनच सुरुवात झाली. आयसोनियाझिडने हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणाही मद्रासलाच बारकाईने अभ्यासला गेला. हे औषध शरीरातले पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 जीवनसत्त्व, निकामी करते. ज्यांचे यकृत त्याचे अॅसिटिलेशन हळू करते त्यांना त्रास अधिक होतो. मधुमेही, गरोदर, कुपोषित, दारूचे व्यसन असलेले किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण असतील तर रोज 10 मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन सोबत द्यायचे ते यासाठी.

तरीही उपचार वर्ष-दीड वर्ष चालत असे आणि रुग्ण मध्येच गळत. सत्तरीच्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी हे चित्र पालटले. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड सहा महिने दिले, तर उपचार संपल्यावर रोग मोठ्या प्रमाणात उलटे. त्यात रिफॅम्पिसिन किंवा पायराझिनामाइड घातले की हे उलटणे एकदम खाली येई. झपाट्याने वाढणारे जंतू आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच मारते. मधूनच जागे होणारे सुस्त जंतू रिफॅम्पिसिन टिपते. दाहामुळे आम्ल झालेल्या भागातल्या जंतूंवर पायराझिनामाइड चालते. पहिल्या दोन महिन्यांनंतर दाह ओसरतो आणि पायराझिनामाइडला काम उरत नाही, म्हणून ते तिथे थांबते. इथाम्बुटॉल जंतू मारण्यात कमजोर आहे. आयसोनियाझिडला प्रतिरोध आधीच असेल तर रिफॅम्पिसिन एकटे पडू नये, यासाठी ते असते.

भारताच्या कार्यक्रमात 1990 च्या दशकापासून हीच औषधे आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली दिली जात. देखरेखीला ते सोयीचे होते, पण एक मात्रा चुकली तरी मोठी फट पडे आणि रिफॅम्पिसिनला प्रतिरोध निर्माण होण्याचा धोका, विशेषतः एचआयव्हीबाधितांत, वाढे. शिवाय तापासारखी लक्षणे आणि प्लेटलेट्स घटणे हे रिफॅम्पिसिनचे दुष्परिणाम खंड पाडून घेतल्यानेच अधिक दिसतात. 2017 पासून देशभर रोजची, एकत्रित गोळ्यांची पद्धत आली. चार औषधांच्या एका गोळीत आयसोनियाझिड 75, रिफॅम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथाम्बुटॉल 275 मिलिग्रॅम असते. 35 ते 49 किलोच्या प्रौढाला रोज तीन गोळ्या आणि 50 ते 64 किलोच्या प्रौढाला चार. वजन दर महिन्याला घ्यायचे ते केवळ प्रकृती सुधारते का हे पाहायला नव्हे. वजनाचा गट बदलला की गोळ्यांची संख्याही बदलते.

देखरेखीचा सर्वांत कठीण भाग यकृताचा. चारपैकी इथाम्बुटॉल सोडून तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात, त्यात पायराझिनामाइड सर्वाधिक. समजा, 52 किलोचा रुग्ण रोज चार गोळ्या घेतो आहे. चौथ्या आठवड्यात त्याला अन्न नकोसे होते, उलट्या होतात, डोळे पिवळे दिसतात. सुरुवातीला 30 असलेले एएलटी आता 240 आहे आणि प्रयोगशाळेची वरची मर्यादा 40. लघवी नारिंगी असणे इथे निरुपयोगी खूण आहे. ती रिफॅम्पिसिनमुळे पहिल्या दिवसापासूनच असते आणि त्रासाची नव्हे तर औषध पोटात जात असल्याची साक्ष देते. लक्षणे असताना एएलटी तिप्पट किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले, तर यकृताला घातक औषधे लगेच थांबवायची. इथे ते सहापट आहे. मग विषाणूजन्य कावीळ आणि दारू यांची चौकशी करायची. रोग गंभीर असेल तर इथाम्बुटॉल, लेव्होफ्लॉक्सासिन आणि गरजेप्रमाणे स्ट्रेप्टोमायसिनवर वेळ निभावायची.

एएलटी दुपटीच्या आत, म्हणजे 80 खाली आले की औषधे एकेक करून परत सुरू होतात. इथे एकत्रित गोळी चालत नाही, सुटी औषधेच लागतात, नाहीतर दोषी कोण हे कळणार नाही. आधी रिफॅम्पिसिन, तीन ते सात दिवसांनी चाचणी ठीक असेल तर आयसोनियाझिड. दोन्ही सोसली आणि पहिली इजा तीव्र होती, तर पायराझिनामाइड पुन्हा न देणेच शहाणपणाचे. त्याची किंमत म्हणजे एकूण उपचार नऊ महिन्यांचा होतो.

इथाम्बुटॉलसाठी सुरुवातीला नजर आणि लाल-हिरव्या रंगांची ओळख तपासून ठेवावी. अंधुक दिसू लागले की औषध ताबडतोब बंद करायचे, कारण उशीर केला तर नजर परत येईलच असे नाही. पायराझिनामाइडने युरिक अॅसिड वाढते, पण सांधे दुखत नसतील तर नुसत्या आकड्यासाठी औषध थांबवत नाहीत. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवत असल्याने गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होतात. वॉरफरिनचाही परिणाम घटतो, म्हणून रुग्ण आणखी काय घेतो हे पहिल्याच दिवशी विचारावे.

थुंकीची तपासणी दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी होते. दोन महिन्यांनीही जंतू दिसले तर गोळ्या नियमित घेतल्या का हे पाहून रिफॅम्पिसिन-प्रतिरोधाची चाचणी करायची. असा प्रतिरोध निघाला की योजनाच बदलते. पूर्वी त्यासाठी वीस-चोवीस महिने औषधे घ्यावी लागत आणि कानामायसिनच्या इंजेक्शनांनी अनेकांचे ऐकू येणे गेले. 2024 मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची सहा महिन्यांची योजना स्वीकारली. तिच्यात कानाची चाचणी गेली आणि ईसीजी आला, कारण बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही क्यूटी अंतर लांबवतात. लिनेझोलिडमुळे रक्तपेशी घटतात आणि पायांच्या नसांना इजा होते, म्हणून रक्ताची पूर्ण तपासणी आणि मुंग्यांची विचारपूस उपचार संपेपर्यंत चालू ठेवतात.