हाड मोडण्यापूर्वी

उतारवयात मांडी किंवा खुबा दुखू लागला की घरात पहिला संशय वाताचा किंवा झिजेचा येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु ज्या व्यक्तीला पूर्वी कधी कर्करोग होऊन गेला आहे, तिच्या बाबतीत हा संशय पुरेसा नाही. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून रक्तावाटे हाडांत जाऊन रुजू शकतात आणि असे रुजणे मूळ उपचारानंतर काही वर्षांनीही लक्षात येऊ शकते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉईड या पाच अवयवांचे कर्करोग हाडांत पसरण्याबद्दल विशेष ओळखले जातात. पाठीचे मणके, कटिभागाची हाडे, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग आणि दंडाचे हाड ही त्यांची नेहमीची ठिकाणे.

हाडात गेलेल्या या पेशी स्वतः हाड कुरतडत नाहीत. आपल्या हाडांत जुने हाड विरघळवणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. कर्करोग या दोघींमधला तोल बिघडवतो. फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉईडच्या कर्करोगांत विरघळवण्याचे काम वाढते आणि एक्स-रेवर हाडात काळसर पोकळी दिसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात उलट नवे हाड अस्ताव्यस्त साचते आणि पांढरे डाग दिसतात. स्तनाच्या कर्करोगात दोन्ही प्रकार आढळतात. पोकळी पडलेले हाड अधिक लवकर मोडते. असे हाड खुर्चीतून उठताना किंवा अंथरुणात कूस बदलतानाही मोडू शकते.

मग प्रश्न असा, की हे हाड मोडणार आहे हे आधी ओळखता येईल का? यासाठी मिरेल्स या शल्यचिकित्सकांनी 1989 मध्ये मांडलेली गुणपद्धती आजही वापरली जाते. हातापायांच्या लांब हाडांसाठी ती चार प्रश्न विचारते आणि प्रत्येकाला 1 ते 3 गुण देते. डाग कुठे आहे? हातात असेल तर 1, पायात असेल तर 2, आणि खुब्याखालच्या, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ असेल तर 3. वेदना किती? सौम्य 1, मध्यम 2, आणि तो अवयव वापरताच वाढणारी असेल तर 3. डाग कसा? पांढरा 1, मिश्र 2, पोकळीचा 3. हाडाच्या जाडीचा किती भाग व्यापला आहे? एक तृतीयांशाहून कमी 1, एक ते दोन तृतीयांश 2, त्याहून अधिक 3. एकूण बेरीज 4 ते 12 येते. 7 किंवा कमी गुण असल्यास सामान्यतः रेडिएशन देऊन लक्ष ठेवले जाते, 9 किंवा अधिक असल्यास हाड मोडण्यापूर्वीच आधार देण्याचा विचार होतो, आणि 8 गुणांना रुग्णाची एकंदर स्थिती पाहून निर्णय घ्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या 68 वर्षांच्या आजी. गेले पाच आठवडे उजवी मांडी दुखते आहे. सून सांगते, ‘‘आई बसलेल्या असल्या की बरं असतं, पण पाय टेकून उभ्या राहिल्या की कळ येते. जिना तर सोडूनच दिलाय.’’ हे वाक्य डॉक्टरांसाठी मोलाचे आहे. झिजेची वेदनाही चालताना वाढते. परंतु पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची भार देताच उठणारी वेदना म्हणजे हाडाला आता वजन पेलत नाही, असे समजूनच तपास करावा लागतो. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी जाडीचा निम्मा भाग व्यापणारी पोकळी दिसते. जागेचे 3, वेदनेचे 3, पोकळीचे 3, आकाराचे 2, बेरीज 11. आजींना त्याच दिवशी उजव्या पायावर भार देणे थांबवायला सांगावे लागते.

याउलट प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या 74 वर्षांच्या आजोबांच्या दंडात त्याच आकाराचा पांढरा डाग आहे आणि दुखणे किरकोळ आहे. जागेचा 1, वेदनेचा 1, प्रकाराचा 1, आकाराचे 2, बेरीज 5. येथे शस्त्रक्रियेची घाई नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. मिरेल्स यांच्या मूळ अभ्यासात 9 गुण असलेल्या डागांपैकी सुमारे एक तृतीयांश ठिकाणीच हाड मोडले होते. म्हणजे अधिक गुण हा धोक्याचा इशारा आहे, भाकीत नव्हे. शिवाय ही पद्धती मणक्यांना लागू पडत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर गुण मोजत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेचा हेतू येथे कर्करोग बरा करणे हा नसतो. वेदना शमवणे आणि माणसाला पुन्हा पायावर उभे करणे हा असतो. म्हणून तिचे नियम वेगळे. कर्करोगग्रस्त हाड नीट जुळून येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा बसवलेला आधार हाड जुळण्यावर विसंबून न राहता रुग्णाच्या उर्वरित आयुष्यभर टिकेल असा हवा आणि लवकरात लवकर, शक्यतो लगेच, त्यावर भार देता आला पाहिजे. मांडीच्या हाडात बहुधा पोकळीतून लांब धातूची सळई घालतात. ती खुब्याच्या मानेपासून गुडघ्याजवळपर्यंत जाते, कारण पुढे त्याच हाडात दुसरीकडे डाग उद्भवला तरी तिचा आधार मिळावा. मोठी पोकळी बोन सिमेंटने भरता येते. वरचे टोकच नष्ट झाले असेल तर कृत्रिम सांधा बसवतात. जखम भरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी रेडिएशन देतात, अन्यथा उरलेल्या पेशी सळईभोवतीचे हाड पोखरत राहतात.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन गोष्टींची खात्री हवी. डाग एकच असेल आणि कर्करोग पसरल्याचे आधी सिद्ध झालेले नसेल, तर प्रथम तुकडा तपासावा. तो हाडाचाच मूळ कर्करोग निघाला तर सळईमुळे तो संपूर्ण हाडात पसरेल. मूत्रपिंड व थायरॉईडच्या गाठींत रक्तवाहिन्या फार असतात, म्हणून आधी त्यांचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया अनेकदा करून घेतात.

निर्णय होईपर्यंतचे दिवस मात्र घरच्यांच्या हाती असतात. दुखऱ्या भागाला मालीश नको, पाय ओढणे किंवा पिळणे नको. रुग्णाला उठवताना दुखरा पाय वळणार नाही असा आधार द्या, वॉकर वापरा, शौचालयात कमोडची सोय करा. तहान वाढली, बद्धकोष्ठ झाले आणि रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर रक्तातील कॅल्शियम वाढल्याचा संशय घेऊन तपासणी करवून घ्या. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ ‘पाय दुखतो’ एवढेच सांगू नका. पाय टेकल्यावर दुखतो की टेकलेला नसतानाही, हे सांगा, आणि पूर्वीच्या कर्करोगाचे कागद, तो कितीही जुना असला तरी, सोबत न्या.