लांब वायर, मंद चार्जिंग : दाबघटीचा हिशेब

अभ्यासिकेत भिंतीवरील प्लग मोजकेच आणि टेबले दूर, म्हणून आम्ही टॅबलेट चार्ज करण्यासाठी तीन मीटर लांबीची केबल आणली. चार्जर तोच, टॅबलेटही तोच. परंतु रात्रभर जोडून ठेवूनही सकाळी बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली आढळे. चार्जर बिघडला असावा, असे समजून आम्ही नवा आणला. तरीही फरक पडला नाही. दोष चार्जरमध्ये नव्हता, बॅटरीतही नव्हता. तो मधल्या वायरीत होता.

तांबे हे उत्तम वाहक असले तरी विजेच्या प्रवाहाला तेही थोडा रोध करतेच. तार जितकी लांब तितका तिचा रोध अधिक आणि जितकी जाड तितका कमी. ओहमच्या नियमाप्रमाणे या रोधाला धारेने गुणले असता जे उत्तर येते, तेवढा विद्युतदाब वायरीतच खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. यालाच दाबघट म्हणतात. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : धारा एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. म्हणून तीन मीटरच्या केबलमध्ये तिला सहा मीटर तांबे पार करावे लागते.

आता हिशेब मांडू. स्वस्त केबलमधील वीज वाहणारी तार बहुधा 28 गेजची, म्हणजे सुमारे 0.08 चौरस मिलिमीटर काटछेदाची असते. तिचा रोध दर मीटरला सुमारे 0.21 ओहम. सहा मीटरचा रोध झाला सुमारे 1.3 ओहम. चार्जर 5 व्होल्ट दाबाने 2 अँपिअर धारा देऊ शकतो, असे धरले तर दाबघट 2.6 व्होल्ट होईल आणि टॅबलेटपर्यंत निम्माही दाब पोहोचणार नाही.

प्रत्यक्षात तशी वेळ येत नाही. टॅबलेट अथवा मोबाइलमधील चार्जिंगचे सर्किट आत येणाऱ्या दाबावर लक्ष ठेवते. हा दाब ठरावीक मर्यादेखाली, समजा 4.5 व्होल्टखाली, उतरू लागला की ते स्वतःच कमी धारा घेऊ लागते. धारा घटली की दाबघटही घटते. वायरीत केवळ अर्धा व्होल्ट खर्च करण्याची मुभा उरली, तर 1.3 ओहम रोधातून जेमतेम 0.4 अँपिअर धारा घेता येते. चार्जिंग मंदावते ते यामुळे. उपकरण बिघडलेले नसते. ते वायरीला झेपेल तेवढेच मागत असते.

त्याच 28 गेजची एक मीटर केबल लावली, तर हीच धारा सुमारे 1.2 अँपिअर होते. एक मीटरचीच, पण 24 गेजची जाड तार घेतली, तर तिच्या जाण्या-येण्याच्या तारांचा रोध केवळ 0.17 ओहम भरतो. पूर्ण 2 अँपिअर वाहूनही दाब सुमारे 4.66 व्होल्ट राहतो. म्हणजे आमच्या लांब केबलच्या तुलनेत पाचपट वेगाने ऊर्जा पोहोचते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे येथे ध्यानात ठेवावे.

दोष वायरीचाच आहे, हे ओळखावे कसे? केबलच्या टोकाशी नुसता व्होल्टमीटर लावल्यास तो 5 व्होल्टच दाखवील. कारण धारा वाहत नसेल तर दाबघटही नसते. म्हणून केबल आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारा लहान यूएसबी मीटर घ्यावा आणि चार्जिंग चालू असताना दाब व धारा पाहावी. मग केवळ केबल बदलून तोच आकडा पुन्हा पाहावा. ही तुलना बॅटरी बरीच उतरलेली असतानाच करावी, कारण भरत आलेली बॅटरी मुळातच कमी धारा घेते. जाड व आखूड केबल लावूनही धारा वाढली नाही, तर मात्र सॉकेटमधील धूळ, सैल जोड अथवा चार्जर यांकडे वळावे.

अंतर टाळता येत नसेल, तर ते 230 व्होल्टच्या बाजूला घ्यावे. चार्जरला लागणारी 10 वॅट शक्ती त्या दाबावर अवघ्या 0.05 अँपिअरच्या आसपास धारेने येते. एवढ्याशा धारेची दाबघट नगण्य असते. आम्हीही शेवटी तेच केले. चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड टेबलापर्यंत नेला, चार्जर तेथे लावला आणि त्यापुढे एक मीटरचीच केबल ठेवली. आता सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असते. नवा आणलेला चार्जर मात्र कपाटात पडून आहे.