कंदिलात गोडेतेल का चालत नाही?

रॉकेलच्या कंदिलात गोडेतेल भरून वात पेटवली तर ती पेटते, थोडा वेळ बरी जळतेही. मग ज्योत बारीक होत जाते, वातीचे टोक लालबुंद होऊन काजळी धरते आणि टाकीत तेल असतानाच दिवा विझतो. तेच गोडेतेल आणि तशीच सुती वात समईत घातली, तर दिवा तासन्‌तास तेवतो. तेव्हा दोष तेलाचा नाही आणि वातीचाही नाही. समईत तेलाची पातळी ज्योतीच्या अगदी जवळ असते, कंदिलात ती काही सेंटिमीटर खाली असते. एवढ्या अंतराने दिवा का विझावा, हे समजून घ्यायचे तर द्रवाचे दोन गुण वेगवेगळे पाहावे लागतात : पृष्ठताण आणि श्यानता.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दिव्यात मुख्यतः वात जळत नाही, तेल जळते. ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या टोकावरच्या तेलाची वाफ होते आणि ती पेट घेते. जळालेल्या तेलाची जागा खालून येणाऱ्या तेलाने भरत राहिली, तर वात जवळजवळ शाबूत राहते. तेल वेळेवर पोहोचले नाही, की मात्र कापूसच जळू लागतो. म्हणून वातीच्या टोकावरची काजळी बहुतेक वेळा तेलाचा पुरवठा कमी पडत असल्याची खूण असते.

तेल वर का चढते

द्रवातले रेणू एकमेकांना ओढतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे ही ओढ सगळीकडून सारखीच बसते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला सोबती नसतात, म्हणून त्याच्यावर आत खेचणारी ओढ उरते. परिणामी पृष्ठभाग शक्य तितका आक्रसून राहू पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. रेणूंची आपसातली ओढ जितकी जबर, तितका पृष्ठताण जास्त. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, खाद्यतेलांचा ३३ च्या आसपास आणि रॉकेलचा साधारण २७.

वातीत कापसाच्या तंतूंमध्ये असंख्य बारीक फटी असतात. तेलाचे रेणू एकमेकांना ओढतात, तसेच कापसाचे तंतूही त्यांना ओढतात. ही दुसरी ओढ पुरेशी बलवान असली, की तेल तंतूंवर पसरते आणि फटीतला त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट व कडेला उचललेला होतो. आक्रसू पाहणारा हा खोलगट पृष्ठभाग खालच्या द्रवाला वर खेचतो. तेल चढू लागते आणि चढलेल्या तेलाचे वजन या ओढीइतके झाले, की थांबते. हेच केशाकर्षण. काचेच्या नळीत पारा घेतला तर उलटे घडते. पाऱ्याच्या कणांची आपसातली ओढ काचेच्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त असल्याने त्याचा पृष्ठभाग फुगीर होतो आणि नळीतली पातळी बाहेरच्या पाऱ्यापेक्षा खाली राहते.

द्रव किती उंच चढेल, याचा नियम जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याच्या नावाने ओळखला जातो. १७१८ च्या सुमारास त्याने दाखवून दिले, की नळी जितकी अरुंद तितकी चढण जास्त. व्यास निम्मा केला, की उंची दुप्पट. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. तेवढ्याच नळीत गोडेतेल सात-साडेसात सेंटिमीटर चढेल, आणि रॉकेल जवळपास सात.

म्हणजे उंचीच्या बाबतीत गोडेतेल रॉकेलच्या मागे नाही, उलट किंचित पुढेच आहे. वातीतल्या फटी याहूनही बारीक असल्याने तेल त्यातून आणखी वर जाऊ शकते. मग कंदिलात घोडे पेंड खाते कुठे? उंचीत नाही, वेगात.

वेग अडतो कुठे

द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांच्यात जे घर्षण होते, त्याचे माप म्हणजे श्यानता. पाण्याची श्यानता एक धरली, तर २० अंशांना रॉकेलची दोनच्या आतबाहेर असते आणि गोडेतेलाची सत्तरच्या आसपास. पृष्ठताणात हे दोघे जवळजवळ बरोबरीचे, पण श्यानतेत तीस-चाळीस पटींचा फरक.

एकाच आंतररेण्वीय ओढीतून हे दोन्ही गुण येतात, तरी त्यांचे आकडे इतके फटकून का, याचे उत्तर रेणूंच्या बांधणीत आहे. रॉकेलच्या रेणूत साधारण दहा ते सोळा कार्बन अणू असतात. खाद्यतेलाचा रेणू तीन लांब साखळ्यांचा असतो आणि त्यात पन्नासहून अधिक कार्बन अणू येतात. दोन्हींच्या पृष्ठभागावर मात्र सारख्याच जातीच्या कार्बनसाखळ्या असतात, आणि त्यांची आपसातली ओढ दुबळी असते. म्हणून पृष्ठताण जवळपास सारखा राहतो. वाहायची वेळ आली, की गोष्ट बदलते. लांब रेणूला शेजाऱ्यांजवळून सरकायचे तर एकाच वेळी अनेक ठिकाणची ओढ सोडवावी लागते. गुंतवळातून एक धागा ओढून काढावा तसे ते काम असते.

एरंडेल याचे टोकाचे उदाहरण आहे. त्याच्या साखळ्यांची लांबी इतर खाद्यतेलांसारखीच, पण प्रत्येक साखळीच्या मध्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. तिच्यामुळे शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जुळतात. तेवढ्यावर एरंडेलाची श्यानता पाण्याच्या हजारपटीजवळ जाते, पण पृष्ठताण गोडेतेलापेक्षा थोडाच जास्त भरतो. पाण्याची तऱ्हा याच्या उलट. त्याचे हायड्रोजन बंध दाट असल्याने पृष्ठताण मोठा, पण रेणू अगदी चिमुकले आणि बंध क्षणोक्षणी तुटून नव्याने जुळणारे, म्हणून पाणी सहज वाहते. तेव्हा द्रव घट्ट दिसला म्हणून त्याचा पृष्ठताणही जास्त असेल, हा अंदाज चुकीचा ठरतो.

तापमानाने काय बदलते

तापमान वाढले, की रेणूंची हालचाल वाढते आणि ते एकमेकांच्या ओढीतून सहज सुटतात. त्यामुळे श्यानता आणि पृष्ठताण दोन्ही कमी होतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर नेले, तर त्याचा पृष्ठताण ७३ वरून ६३ वर येतो, म्हणजे सातव्या हिश्शाने घटतो. श्यानता मात्र जवळजवळ एक-तृतीयांश उरते. गोडेतेलात हा फरक आणखी ठळक दिसतो. २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत त्याची श्यानता आठव्या-नवव्या हिश्शावर येते. पृष्ठताण फार तर पाचव्या हिश्शाने घटतो.

म्हणून गरम तेल वातीत झपाट्याने चढते, पण शेवटी पोहोचण्याची त्याची कमाल उंची थंड तेलापेक्षा किंचित कमीच असते. हे घरीही पाहता येते. दोन वाट्यांत एकच तेल घ्या. एकातले घरातल्या तापमानाचे, दुसऱ्यातले कोमट. दोन्हींत सारख्याच वाती उभ्या टांगा. कोमट तेलाची ओली रेघ पुढे धावलेली दिसेल. वाती पेटवू नका, नुसती रेघ पाहा. तिचा वेग हळूहळू मंदावतो, कारण चढलेल्या प्रत्येक टप्प्याबरोबर तेलाला सरकण्याचा रस्ता लांबतो. सुरुवातीला पहिला सेंटिमीटर चढायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या साधारण चौपट वेळात एकूण दोन सेंटिमीटर होतात.

पेटलेल्या दिव्यात ज्योत आपल्या टोकाजवळचे तेल तापवून पातळ करते. पण ही ऊब वातीच्या वरच्या थोड्या भागापुरती असते. वाटेतला अडथळा सगळ्या लांबीचा मिळून ठरतो. त्यामुळे खालचा थंड टप्पा जितका लांब, तितका त्याचाच वरचष्मा.

समई आणि कंदील यांचा हिशोब

समजा, एखाद्या वातीत गोडेतेल जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर चढू शकते. समईत ज्योत तेलाच्या पातळीपासून एक सेंटिमीटर वर आहे. एवढी उंची गाठल्यावर चढण्याची ताकद १५ पैकी १४ भाग शिल्लक राहते आणि ती एकाच सेंटिमीटरच्या वाटेवर खर्च करायची असते. आता तेल संपत आल्याने पातळी ज्योतीपासून तीन सेंटिमीटर खाली गेली. शिल्लक ताकद १२ भाग, आणि वाट तीन सेंटिमीटरची. म्हणजे दर सेंटिमीटरला ४ भाग. पुरवठा १४ वरून ४ वर, साडेतीन पटींनी घटला. ज्योत बारीक होण्याचे कारण हेच. तेल बुडालेल्या भागात सगळ्या बाजूंनी शिरते, म्हणून त्या भागाची लांबी हिशोबात फारशी येत नाही.

कंदिलात हे अंतर सहा-सात सेंटिमीटरवर गेले, की गोडेतेलाचा पुरवठा ज्योतीच्या मागणीखाली येतो. रॉकेलही त्याच ओढीने, तेवढेच अंतर चढते. पण त्याच्या वाटेतले घर्षण तीसएक पटींनी कमी, म्हणून ते पुरून उरते.

रॉकेल येण्यापूर्वी युरोपात ही अडचण यंत्राने सोडवली होती. पॅरिसचा घड्याळजी कार्सेल याने १८०० मध्ये एका दिव्याचे पेटंट घेतले. त्याच्या तळाशी चावीचे यंत्र होते आणि ते मोहरीच्या जातीच्या बियांचे घट्ट तेल पंपाने ज्योतीपर्यंत चढवत असे. १८५० नंतर रॉकेल आले आणि असल्या यंत्रांची गरज उरली नाही.

आपल्या समईला आणि पणतीला पंप लागत नाही, कारण त्यांची घडणच उथळ आहे. ती टिकवायची तर तेल काठोकाठ ठेवा, वात वेळोवेळी सारा आणि वळताना फार करकचून पिळू नका. फटी फार आवळल्या, की तेलाची वाट अडते. वात पाण्याने ओली नको, कारण भिजलेल्या फटीत तेल शिरत नाही आणि दिवा तडतडतो. आणि तेल पातळ व्हावे म्हणून पणतीत रॉकेल कधीही मिसळू नका. श्यानता कमी होईल हे खरे, पण रॉकेलची वाफ चाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, गोडेतेलाची तीनशे अंशांच्या घरात गेल्यावर. उघड्या पणतीत तेव्हा नुसते वातीचे टोक पेटत नाही, सगळी पणती पेटते.