वर्गांचा तक्ता पंचवीसवर थांबवा

पोलीस भरतीची किंवा तलाठ्याच्या जागांची जाहिरात निघाली की अभ्यासिकांच्या भिंतींवर एक कागद हमखास चिकटतो. १ ते १०० चे वर्ग, १ ते ५० चे घन आणि शेजारच्या रकान्यात तीन दशांश स्थळांपर्यंत वर्गमुळे. अक्षर बारीक आणि आकडे दोनशेच्या वर. रोज सकाळी तो कागद डोळ्यांखालून घालणारी मुले मी पाहतो, आणि दर वेळी वाटते की यातला निम्म्याहून अधिक भाग खोडून टाकला तर त्यांचे काम हलके होईल. वर्ग पंचवीसपर्यंत, घन वीसपर्यंत आणि वर्गमुळे फक्त चार, एवढेच पाठ करायला हवे. मात्र ते दोन्ही बाजूंनी यायला हवे. १७ म्हटल्यावर २८९ आठवले पाहिजे, तसेच २८९ दिसल्याबरोबर १७ सुचले पाहिजे.

छापील तक्ते मुळात वेगळ्या कामासाठी निघाले. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८१४ मध्ये १ ते १०,००० पर्यंतच्या संख्यांचे वर्ग, घन आणि मुळे छापली. ते पुस्तक समोर उघडे ठेवून हिशेब करायचे असत. परीक्षेला जाणाऱ्याचा कागद बाहेर पिशवीतच राहतो. पोलीस शिपायाच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. आपले पाढेही इथे पुरत नाहीत, कारण पाढा दहाशी संपतो. तेराचा पाढा १३० वर थांबतो, १६९ त्यात येतच नाही. म्हणून अकरापासून पुढचे वर्ग वेगळे पाठ करावे लागतात.

पण मग पंचवीसवरच का थांबायचे? ३७ चा वर्ग पाहा. ३७ ही संख्या ५० पेक्षा १३ ने कमी आहे. २५ मधून १३ वजा केले की १२ उरतात, हे झाले शेकडे. त्यात १३ चा वर्ग, १६९, मिळवला की १२०० अधिक १६९ म्हणजे १३६९. आता ६३ घ्या. ती ५० पेक्षा १३ ने जास्त, म्हणून २५ मध्ये १३ मिळवायचे. ३८०० अधिक १६९ म्हणजे ३९६९. ५० चा वर्ग २५०० असतो, आणि ५० व १३ यांच्या गुणाकाराची दुप्पट नेमकी १३०० भरते, म्हणून फरक शेकड्यांतच पडतो. ७५ च्या पुढे १०० चा आधार घ्यावा. ८८ ही शंभरापेक्षा १२ ने कमी. ८८ मधून आणखी १२ काढले की ७६ शेकडे, आणि १२ चा वर्ग १४४ मिळवला की ७७४४. शंभरापर्यंतचा कोणताही वर्ग असा पहिल्या पंचवीस वर्गांतून निघतो.

चूक होते ती शेकडे लिहिताना. १२ आणि १६९ शेजारी शेजारी मांडून १२१६९ लिहिणारे असतात. ५३ च्या वर्गात २८ शेकडे आणि ३ चा वर्ग ९, म्हणून उत्तर २८०९ येते. घाईत मधले शून्य गळते आणि २८९ उरते. ५० चा वर्गच २५०० असताना ५३ चा वर्ग तीनशेच्या आत असणार नाही, एवढे मनात आले तरी ही चूक पकडता येते.

वर्गमूळ काढताना या तक्त्याचा खरा उपयोग दिसतो. १ ते २५ च्या वर्गांचे शेवटचे दोन अंक पाहिले तर ००, ०१, ०४, ०९, १६, २१ अशा एकूण २२ जोड्याच सापडतात. वर सांगितलेल्या कारणामुळे कोणत्याही पूर्ण वर्गाच्या शेवटी यांतलीच एखादी जोडी असते. आता ५४७६ चे वर्गमूळ विचारले आहे असे समजा. शेवटी ७६ आहेत. तक्त्यात ७६ एकदाच येतात, २४ च्या वर्गात, ५७६ मध्ये. त्यामुळे शंभराच्या आत उत्तर २४, २६, ७४ किंवा ७६ यांपैकीच असणार. ५४ हा आकडा ४९ आणि ६४ च्या मधला, म्हणजे मूळ सत्तरीतले. उरले ७४ आणि ७६. ७५ चा वर्ग ५६२५, आपली संख्या त्याहून लहान, म्हणून ७४.

हाच प्रश्न दुसऱ्या वेशातही येतो. ५५०० मधून लहानात लहान कोणती संख्या वजा केली असता पूर्ण वर्ग मिळेल? ७४ चा वर्ग ५४७६, तेव्हा उत्तर २४. किती मिळवावे असे विचारले असेल तर ७५ च्या वर्गाकडे जायचे, उत्तर १२५. एक सावधगिरी मात्र हवी. फक्त शेवटचा अंक पाहण्याची जी युक्ती सगळीकडे शिकवली जाते, ती ५४६६ लाही बिनतक्रार ७४ असे उत्तर देते. ६६ ही जोडी आपल्या बावीस जोड्यांत नाही, तेव्हा ५४६६ हा पूर्ण वर्गच नाही. ही चाचणी उलट दिशेने मात्र चालत नाही. जोडी जुळली म्हणजे संख्या पूर्ण वर्ग असतेच असे नाही.

घनमूळ त्याहून सोपे आहे. १ ते ९ च्या घनांचे शेवटचे अंक सगळे वेगवेगळे असतात. ७४०८८ च्या शेवटी ८ आहे आणि ८ ने संपणारा घन २ चा. शेवटचे तीन अंक झाकले की ७४ उरतात, ते ६४ आणि १२५ च्या मध्ये, म्हणून दशकाला ४. उत्तर ४२. इथेही संख्या पूर्ण घन आहे असे गृहीत धरलेले असते. ७४०५८ ला सुद्धा ही रीत ४२ च सांगेल. अंकांची बेरीज करून पाहावी. ती २४ येते, पुन्हा केली की ६. पूर्ण घनाची अशी बेरीज शेवटी १, ८ किंवा ९ च येते.

दोन अंकी घनमुळाला नऊ घन पुरतात, मग वीसपर्यंत का जायचे? ते अंकमालिकांसाठी. ०, ६, २४, ६०, १२० यांच्या शेजारी १, ८, २७, ६४, १२५ दिसायला लागले की प्रत्येक घनातून त्याचे मूळ वजा झाले आहे हे कळते आणि पुढची संख्या २१० येते. पाठांतरात १७ आणि १८ चे घन फार अडखळवतात. त्यांची खूण सोपी आहे. ४९१३ च्या अंकांची बेरीज १७ आणि ५८३२ ची १८.

वर्गमुळांच्या रकान्यात १.४१४, १.७३२, २.२३६ आणि २.६४६ ही २, ३, ५ आणि ७ ची मुळे ठेवावीत. १२ चे मूळ हवे असेल तर ३ च्या मुळाची दुप्पट, ३.४६४. ७५ चे हवे असेल तर त्याच्याच पाच पट, ८.६६. दशांश चिन्ह आले की मात्र भलेभले फसतात. ०.४ चे वर्गमूळ ०.२ लिहिले जाते, ते खरे ०.०४ चे. चिन्हापासून दोन दोन अंकांचे गट करायचे असतात. ०.४ म्हणजे ०.४०, तेव्हा मूळ ४० चे पाहावे लागते. ते सहाहून थोडे जास्त, ६.३२, म्हणून उत्तर ०.६३२. प्रश्नपत्रिकेत ०.२ हा पर्याय बहुधा दिलेलाच असतो. तो निवडण्याआधी ०.२ चा वर्ग मनात करून पाहावा, तो ०.०४ येतो.