पाण्यात शिरलेला लाल किरण

बाजारात मिळणाऱ्या लाल लेझर पॉइंटरच्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत साधारण 650 नॅनोमीटर असते. हाच किरण पाण्यात सोडला की ती 489 नॅनोमीटरवर येते. हवेत 489 नॅनोमीटरचा प्रकाश निळसर हिरवा दिसतो. तरीही पाणबुड्याला पाण्याखालचा किरण लालच दिसतो. शाळेत ‘रंग म्हणजे तरंगलांबी’ असे पाठ केलेल्याला हे कोडे वाटणारच.

उत्तर वारंवारतेत आहे. या लाल प्रकाशात दर सेकंदाला सुमारे 461 लाख कोटी कंपने होतात. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर, तर पाण्यात सव्वादोन लाख. वेग 1.33 पटीने घटतो, तरंगलांबीही तेवढ्याच पटीने घटते, आणि वारंवारतेचा आकडा जागचा हलत नाही.

का हलत नाही? पाण्याच्या पृष्ठभागावर नजर ठेवून लाटेचे माथे मोजतो आहोत अशी कल्पना करा. वरून सेकंदाला 461 लाख कोटी माथे येत आहेत. पाण्यात वेग कमी झाला पण दोन माथ्यांमधले अंतर पूर्वीइतकेच राहिले, असे क्षणभर धरले, तर खाली सेकंदाला 347 लाख कोटीच माथे पुढे सरकतील. उरलेले 114 लाख कोटी कुठे जाणार? पृष्ठभागाला जाडीच नाही, त्यामुळे तिथे काही साठून राहू शकत नाही. शिवाय पृष्ठभागाला समांतर असलेले विद्युतक्षेत्र हवेच्या बाजूने आणि पाण्याच्या बाजूने प्रत्येक क्षणी सारखेच असावे लागते. एक बाजू वर-खाली होईल त्याच ठेक्यात दुसरीला व्हावे लागते. म्हणून माथ्यांची संख्या तीच राहते आणि ते एकमेकांच्या जवळ येतात.

पाण्याच्या आतही हाच हिशेब चालतो. येणारा प्रकाश रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो. झोक्याला कोणी ठरावीक तालात सतत ढकलत राहिले, तर झोका अखेरीस त्याच तालावर हलतो, फक्त थोडा मागे राहतो. इलेक्ट्रॉनही आलेल्या वारंवारतेनेच हलतात आणि त्याच वारंवारतेचा, किंचित मागे पडलेला प्रकाश बाहेर टाकतात. मूळ आणि नवा प्रकाश मिळून जी लाट बनते, तिचे माथे सावकाश पुढे सरकतात. वेग घटण्याचे कारण हेच.

तरंगलांबी खरेच आखडते का, हे मोजता येते. मिलिमीटरला 100 रेघा असलेली जाळी अर्ध्या मीटर लांबीच्या काचेच्या टाकीत एका भिंतीला आतून चिकटवायची, समोरच्या भिंतीला आतून पांढरा कागद लावायचा आणि जाळीतून लेझर सोडायचा. टाकी रिकामी असताना मधला ठिपका आणि शेजारचा ठिपका यांच्यात सव्वातीन सेंटीमीटर अंतर पडते. पाणी भरले की ते अडीच सेंटीमीटरच्या जरा खाली येते. या दोन अंतरांचे गुणोत्तर तेच, 1.33. ठिपके मात्र लालच राहतात. कागद टाकीबाहेर लांबवर धरला तर प्रयोग फसतो, कारण पाण्यातून हवेत येताना किरण पुन्हा वाकतात आणि जवळ आलेले ठिपके परत फाकतात. किरण डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

डोळ्याबद्दलही एक गंमत आहे. बुबुळामागच्या पारदर्शक द्रवाचा अपवर्तनांक 1.336, म्हणजे जवळपास पाण्याएवढाच. त्यामुळे माणूस जमिनीवर असो की पाण्याखाली, दृष्टिपटलावर हा लाल प्रकाश पोचतो तो सुमारे 486 नॅनोमीटरचा होऊनच. तिथली रंगद्रव्ये प्रकाशकणाच्या ऊर्जेला प्रतिसाद देतात आणि ती ऊर्जा वारंवारतेवर ठरते. खोल पाण्यात लाल कपडा करडा दिसतो, ती गोष्ट निराळी. तिथे पाणी लाल प्रकाश शोषून घेते. जवळून टॉर्च मारला की कपड्याचा लाल रंग पुन्हा दिसतो.

या नियमालाही अटी आहेत. सीमा स्थिर हवी, आणि इलेक्ट्रॉनांचे हलणे प्रकाशाच्या जोराच्या प्रमाणात हवे. प्रकाश फार तीव्र झाला की दुसरी अट मोडते. 1961 मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा 694.3 नॅनोमीटरचा झोत क्वार्ट्झमधून सोडला, तेव्हा पलीकडे 347.2 नॅनोमीटरचा अंधुक अतिनील प्रकाशही मिळाला. वारंवारता नेमकी दुप्पट झाली होती. छायाचित्रातला तो पुसट ठिपका छापताना डाग समजून काढून टाकला गेला, असे सांगतात. आज हिरव्या लेझर पॉइंटरांपैकी पुष्कळांत हीच युक्ती असते: 1064 नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश छोट्या स्फटिकातून जातो आणि त्याचा काही भाग 532 नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला पुढे गाळणी लागते, आणि स्वस्त पॉइंटरांत नेमकी तीच कधीकधी बसवलेली नसते.