२९ जूनचा हप्ता आणि सकाळची यादी

महिनाअखेरीला सहकारी बँकेच्या शाखेतला कर्ज विभागाचा अधिकारी उशिरापर्यंत थांबून थकबाकीची यादी करतो. एकेक खातं उघडायचं, हप्ता कधीचा राहिलाय, जमा किती, येणं किती हे एक्सेलमध्ये उतरवायचं, मॅनेजरची सही घ्यायची आणि मुख्य कार्यालयाला पाठवायचं. मग एक दिवस मुख्य कार्यालयाकडून पत्र येतं, की ही यादी आता रोज सकाळी आपोआप तयार मिळेल. काउंटर उघडण्याआधीच्या दहा मिनिटांत मॅनेजरला हे सगळ्यांना सांगायचं असतं. समोर बसलेले कुणी उघड विरोध करत नाहीत, पण काम दुप्पट होणार आणि आपल्यावर पाळत बसणार, हे दोन विचार बहुतेकांच्या मनात असतात.

त्यांना हसण्यावारी नेऊ नये. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रांच्या वापराबद्दल व्यवस्थापनाशी रीतसर करार केला होता. तेव्हाची भीती नोकरीची होती. पुढे संगणक आले, कोअर बँकिंग आलं, पण कित्येक शाखांत संगणकाशेजारी जुनी रजिस्टरंही चालूच राहिली. एकच नोंद दोनदा करण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, ते नव्या अहवालाकडे संशयाने बघणारच.

त्यामुळे असं भाषण तंत्रज्ञानाच्या कौतुकाने सुरू करण्यात अर्थ नाही. ते तारखांनी सुरू व्हावं. एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या शाखेत ते साधारण असं करता येईल:

“मंडळी, पाचच मिनिटं घेतो. समजा, एका गृहकर्जाचा हप्ता ३१ मार्चला होता आणि तो आला नाही. त्या रात्री दिवसअखेरीची प्रक्रिया झाली की खातं थकलं. ३० एप्रिलला ते एसएमए-१ होतं, ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनला एनपीए. आता सांगा, आपण तिमाहीची यादी कधी करतो? ३० जूनला. म्हणजे तुम्ही रात्री नऊपर्यंत थांबून, एकही चूक न करता केलेली यादी एक दिवस उशिराची असते. दोष तुमच्या कामात नाही, यादी करण्याच्या दिवसात आहे.”

या तारखा मनाच्या नाहीत. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हेच उदाहरण दिलं आहे. खातं थकलं की नाही, हे त्या-त्या दिवसाच्या अखेरीच्या प्रक्रियेतच ठरलं पाहिजे, महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटाची वाट बघायची नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे. एसएमए म्हणजे खातं बिघडू लागल्याची खूण. एनपीए म्हणजे बँकेच्या हिशेबी ते बुडण्याच्या वाटेवर लागलेलं कर्ज, ज्याचं व्याज प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही.

एका दिवसाने असं काय बिघडतं? कर्जदाराच्या बाजूने बघा. त्याचे मार्च, एप्रिल आणि मे असे तीन हप्ते राहिले आहेत. २८ जूनला शाखेतून फोन गेला आणि त्याने एकच हप्ता भरला, तर तो सगळ्यात जुन्या, म्हणजे मार्चच्या थकबाकीत जमा होतो. मग मोजणी ३० एप्रिलपासून सुरू होते आणि खातं एनपीए होण्यापासून वाचतं. तोच फोन ३० जूनला गेला, तर एका हप्त्याने भागत नाही. एकदा एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित व्हायला व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरावी लागते. वर्गीकरण कर्जदारागणिक होत असल्याने त्याच बँकेतलं त्याचं दुसरं, नियमित चाललेलं कर्जही एनपीए ठरतं. घरच्या आजारपणामुळे दोन महिने मागे पडलेल्या माणसासाठी हा एका दिवसाचा फरक फार मोठा असतो, आणि रोजच्या यादीची खरी गरज मला इथे दिसते.

मग मॅनेजरने कामाच्या वाटणीकडे यावं, कारण लोक त्याचीच वाट बघत असतात.

“रात्री डेटा सेंटरला दिवसअखेर होते आणि सकाळी यादी आपल्याला मिळते. ती तुम्ही करायची नाही, तपासायची. पहिला महिनाभर जुनी यादीही करू, दोन्ही शेजारी ठेवू आणि जिथे फरक दिसेल तिथे कारण शोधू. महिन्यानंतर जुनी यादी बंद. ती चालू ठेवा असं मुख्य कार्यालयाने सांगितलं, तर त्यांच्याशी बोलायला मी जाईन. यादी भिंतीवर लागणार नाही, कुणाच्या टेबलावर किती थकीत खाती आहेत हेही वाचून दाखवलं जाणार नाही.”

शेवटच्या वाक्यातला शब्द त्याने पाळायलाच हवा. थकीत खात्यांवरून भर बैठकीत एकाला जरी बोल लावला, तरी दुसऱ्या दिवसापासून लोक कर्जदाराच्या अडचणीपेक्षा यादीतला आकडा सांभाळू लागतात.

अहवाल चुकतो, हेही लपवू नये. तो चुकतो बहुतेक आतल्या माहितीमुळे. कर्जदाराने हप्त्याचे पैसे बचत खात्यात भरलेले असतात, पण तिथून हप्ता वळता करण्याची सूचना चुकलेली असते. कधी रक्कम सस्पेन्स खात्यात पडून असते. खास लक्ष द्यावं ते शेतीकर्जावर. पीककर्जाची थकबाकी पिकाच्या हंगामावर मोजतात. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं, तर एनपीए होतं. वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या पिकासाठी एकच हंगाम धरतात. ९० दिवसांचा नियम तिथे नाही. खातं उघडताना योजनेचा कोड चुकीचा पडला, तर संगणक उसाच्या कर्जाचेही महिन्याचे हप्ते मोजतो आणि तोड अजून व्हायची असलेला शेतकरी एसएमए-२ मध्ये येऊन बसतो.

“हे संगणकाला कळणार नाही,” मॅनेजरने म्हणावं. “तुमच्यापैकी ज्याला त्या गावचा हंगाम ठाऊक आहे, त्याला यादी बघताच कळेल. असं नाव दिसलं की मला सांगा. खात्याची मूळ माहिती दुरुस्त करून घेऊ. यादीतलं नाव मात्र हाताने खोडायचं नाही.”

ही ताकीद महत्त्वाची आहे. वर्गीकरणात हाताने फेरफार करू नये, अपवाद करावाच लागला तर किमान दोन पातळ्यांची मंजुरी घ्यावी आणि त्याची नोंद राहावी, असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये व्यापारी बँकांना बजावलं. मार्चअखेरीला एखाद्या मोठ्या कर्जदाराचं नाव गाळण्यासाठी शाखेवर दबाव येऊ शकतो. तेव्हा ही नोंद कर्मचाऱ्याच्या बाजूने उभी राहते. पाळतीची भीती वाटणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं.

आणखी एक मर्यादा आहे. जे कोअर बँकिंगमध्ये नोंदलेलंच नाही, ते त्यावर आधारलेल्या कुठल्याही अहवालात दिसत नाही. पंजाब नॅशनल बँकेचा २०१८ मध्ये उघडकीला आलेला घोटाळा मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला. तिथून परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेवरून जात होते, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंद होत नव्हती, आणि तेव्हा या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याही नव्हत्या. रोजचे अहवाल येत राहिले असते, तरी त्यांत ही देणी दिसली नसती. म्हणून सकाळची यादी आली, तरी व्हाउचरची तपासणी, तिजोरीतल्या रोकडीची मोजणी आणि सस्पेन्स खात्यांचा मेळ ही कामं माणसांकडेच राहतात.

भाषणाचा शेवट कामाच्या सूचनेनेच व्हावा: “उद्या पावणेदहाला पहिली यादी येईल. कर्ज विभागाने एसएमए-२ मधली नावं आधी बघायची, ज्यांचे पैसे बचत खात्यात आहेत ती वेगळी काढायची आणि बाकीच्यांना अकराच्या आत फोन करायचे. फोनवर कर्जदार काय म्हणाला, ते त्याच्या नावापुढे लिहून ठेवा. शेतीकर्जाची नावं माझ्याकडे द्या, ती आपण एकत्र बसून बघू.”